स्ट्रोकनंतर वाचन गेलेल्या माणसाला डिस्लेक्सियाचा सराव द्यावा का?

पाटीवरची_अक्षरं
डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी मी मराठीतून ध्वनी वेगळे करण्याचा सराव घेते. आता एका कुटुंबाने तेच साहित्य मागितलं आहे, पण मोठ्या माणसासाठी. गृहस्थ ६१ वर्षांचे, चार महिन्यांपूर्वी मेंदूच्या मागच्या टोकाला, डाव्या ऑक्सिपिटल भागात स्ट्रोक झालेला. बोलणं स्वच्छ, समोरच्याचं सगळं समजतं. कागदावर दोन ओळी लिहून देतात, पण अर्ध्या तासाने तोच कागद पुढे धरला तर वाचता येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'अलेक्सिया', म्हणजे मेंदूच्या इजेने वाचन जाणं, असं लिहिलंय आणि घरच्यांना कुणीतरी सांगितलं की हा 'मोठ्यांचा डिस्लेक्सिया' आहे.

मुलांच्या बाबतीत आम्ही फोनॉलॉजिकल डेफिसिटचा सिद्धांत धरून चालतो, म्हणजे अडचण अक्षर दिसण्यात नसून शब्दातले ध्वनी सुटे करण्यात आहे. तो इथे लागू पडतो का? की हे प्रकरणच निराळं आहे? साहित्य द्यावं की नाही, एवढं कळलं तरी पुरे.

न्यूरोनिवास
सध्या देऊ नका. तुम्ही सांगितलंय ते चित्र १८९२ पासून ओळखीचं आहे.

पॅरिसचे एक सुशिक्षित व्यापारी, वैद्यकात 'मस्यू सी' म्हणून ओळखले जातात. ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांचं वाचन एकाएकी गेलं. त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर बदलला, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर लांडोल्ट यांच्याकडे गेले. लांडोल्टनी त्यांना मेंदूचे डॉक्टर देजरीन यांच्याकडे पाठवलं. अक्षरं त्यांना दिसत होती. इंग्रजी 'ए' चित्रकाराच्या घोडीसारखा दिसतो, 'झेड' सापासारखा, 'पी' बकलासारखा, असं ते वर्णन करायचे. नाव मात्र येत नव्हतं. तेच अक्षर बोटाने गिरवलं की ओळखायचे. आकडे वाचता यायचे, हिशेब चालू होते. लिहायचे व्यवस्थित, आणि लिहिलेलं वाचता यायचं नाही.

चार वर्षं हे असंच होतं. जानेवारी १८९२ मध्ये दुसरा झटका आला, त्यात लिहिणंही गेलं आणि काही दिवसांत ते वारले. शवविच्छेदनात डाव्या ऑक्सिपिटल भागात आणि दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला जुनी जखम दिसली आणि त्याच्या वर, लिहिण्याशी जोडलेल्या अँग्युलर गायरस या भागात ताजी. देजरीन यांचा निष्कर्ष असा की शब्दांचा साठा शाबूत होता, डोळ्यांकडून तिथे जाणारा रस्ता तुटला होता. तुमच्या गृहस्थांचा ध्वनींचा कारखाना बहुधा चालू आहे. तुमचं साहित्य कारखाना दुरुस्त करणारं आहे.

उगाच_एक
लिहिता येतं पण स्वतःचं लिहिलेलं वाचता येत नाही, याला इतकी वर्षं आम्ही 'डॉक्टरचं अक्षर' म्हणत होतो.

रमाकांत_पुणे
माझा नातू दुसरीत आहे. इंग्रजी 'बी' आणि 'डी' उलटे लिहितो. धागा वाचून धास्ती वाटली. ऑक्सिपिटलचा एमआरआय करून घ्यावा का? डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे ठीक सांगितलेत.

न्यूरोनिवास
@रमाकांतकाका, नाही, त्याची गरज नाही. दुसरीत उलटी अक्षरं बऱ्याच मुलांची असतात. एकाएकी, म्हणजे काल वाचत होता आणि आज येत नाही, असं झालं तर मात्र थांबू नका, तडक रुग्णालय गाठा. नातवाचं तसं काही दिसत नाही.

संशयात्मा
काकांच्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि मूळ गोंधळही त्याच इतिहासातून आलाय.

१८९६ मध्ये इंग्लंडमधल्या सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १४ वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची नोंद छापली. मुलगा हुशार, गणितात चांगला, पण वाचन जवळजवळ शून्य. स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा आणि ती चूक त्याला दिसायची नाही. त्याआधी ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ हिन्शेलवुड यांनी मेंदूच्या इजेनंतर वाचन गेलेल्या प्रौढांवर लिहिलं होतं. त्या प्रौढांच्या अवस्थेला 'शब्दांधत्व' म्हणत. मॉर्गननी तेच नाव पुढे 'जन्मजात' लावून मुलाला दिलं. म्हणजे मुलांच्या डिस्लेक्सियाची कल्पनाच मुळी स्ट्रोकच्या रुग्णावरून उचललेली. मुलाच्या मेंदूतही तोच कोपरा जन्मतः कच्चा असणार, असा तर्क.

हा तर्क पडायला १९७० चं दशक उजाडलं. वेलुटिनो यांनी वाचनात मागे असलेल्या मुलांना त्यांच्या ओळखीची नसलेली हिब्रू अक्षरं दाखवून आठवणीने काढायला सांगितली. ती मुलं चांगल्या वाचकांइतकीच बरोबर होती. डोळा अक्षर उलटं दाखवत असता तर हिब्रूही बिघडायला हवं होतं. आपल्याकडे एका गाजलेल्या चित्रपटापासून 'अक्षरं नाचतात' हे डोक्यात बसलंय, ते काही निघत नाही.

खडूफळा
पण मराठीत हा प्रश्न इतका नसतोच ना? आपण जसं बोलतो तसं लिहितो. इंग्रजीत स्पेलिंगचा गोंधळ, म्हणून तिथे डिस्लेक्सिया. ३० वर्षं मराठी शिकवतोय, बाराखडी पक्की असलेलं मूल वाचनात अडत नाही.

पाटीवरची_अक्षरं
@खडूफळा सर, बाराखडी पक्की होते, हे खरं. माझ्याकडे येणारी बरीच मुलं सुटं अक्षर बरोबर सांगतात. परिच्छेद दिला की रडत-रखडत जातात आणि शेवटी 'काय वाचलंस' विचारलं तर सांगता येत नाही.

संशयात्मा
सरांचं निम्मं बरोबर आहे. २००१ मध्ये पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी डिस्लेक्सिक प्रौढांची तुलना केली. इटालियन लिपी उच्चाराला सरळ आहे आणि इटालियन लोकांचं वाचन बाकीच्या दोघांपेक्षा अचूक निघालं. पण ध्वनींच्या कसोट्यांत तिन्ही गट सारखेच मागे, आणि वाचताना मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागात तिन्ही गटांत सारखीच मंदी. सरळ लिपी चुका झाकते, वेग मात्र वाढवून देत नाही. मराठी शाळेत चुकाच मोजतात, वेग कुणी मोजत नाही, म्हणून ही मुलं दिसत नाहीत.

आणि 'जसं बोलतो तसं' हेही पुरतं खरं नाही. 'जरा थांब' मधला 'ज' आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला 'ज' एकाच अक्षरात लिहितो. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा.

खडूफळा
ते दोन 'ज' मुलं घरून शिकून येतात, तो मुद्दा मला ताणलेला वाटतो. वेगाचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. तरी प्रत्येक मंद वाचणाऱ्याला लेबल लावायच्या मी विरोधात आहे.

स्वरयंत्र
स्पीच थेरपीत दोन्ही प्रकारचे लोक येतात, म्हणून थोडं कामाचं लिहिते.

मुलाला मी म्हणते, "'बाई' म्हण. आता त्यातला फक्त 'ब्' काढ." उत्तर 'आई' यायला हवं. अडलेलं मूल म्हणतं, 'ई'. म्हणजे त्याने 'बा' हे अख्खं अक्षर काढलं, त्याच्या आत 'ब्' आणि 'आ' असे दोन तुकडे आहेत हे त्याला हाती लागत नाही. मग 'काठ' मधून 'क्' काढला की 'आठ', 'स्वर' मधून 'स्' काढला की 'वर', 'क्रम' मधून 'क्' काढला की 'रम'. यात कुठेही अक्षर दाखवायचं नाही, सगळं कानावर. डोळे मिटूनही मूल इथेच अडतं, म्हणून दोष डोळ्यांत शोधण्यात अर्थ नाही.

एक सावधगिरी. 'ई' हे उत्तर पहिली-दुसरीत जवळपास सगळेच देतात. आपली लिपीच अक्षरागणिक चालते. सोनाली नाग यांचं कन्नड मुलांवरचं काम हेच सांगतं, अक्षराची जाण लवकर येते, त्याच्या आतल्या ध्वनींची जाण बरीच उशिरा. इंग्रजीतल्या वयाच्या पट्ट्या मराठी मुलाला लावल्या तर अर्धा वर्ग नापास होईल. त्याच वर्गातल्या, त्याच माध्यमातल्या मुलांशीच तुलना करायची. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली, डिस्लेक्सिया ओळखणारी डाली ही चाचणी मराठीतही आहे, ती वापरा.

आता तुमचे गृहस्थ. त्यांना हाच 'बाई'चा प्रश्न विचारा. शुद्ध अलेक्सिया, म्हणजे बोलणं-लिहिणं शाबूत आणि फक्त वाचन गेलेलं, असं असेल तर 'आई' सांगतील. मग तुमच्या साहित्यात त्यांना शिकण्यासारखं उरतं काय?

थेम्सकाठी
@स्वरयंत्र, इथे एक खाच आहे. 'बाई'तून 'ब्' काढणं हे वाचन शिकल्यामुळेच जमायला लागतं. मोराइस यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना असाच आवाज काढायला-जोडायला सांगितला, त्यांना जमलं नाही. मोठेपणी साक्षर झालेल्यांना बऱ्यापैकी जमलं. मग मुलाला ध्वनी सुटत नाहीत म्हणून वाचता येत नाही, की वाचता येत नाही म्हणून ध्वनी सुटत नाहीत? कोंबडी-अंड्यातून हा सिद्धांत कसा बाहेर पडतो?

संशयात्मा
पूर्ण बाहेर पडलाय असं मी म्हणणार नाही. बाजूने दोन भक्कम गोष्टी आहेत. ब्रॅडली आणि ब्रायंट यांचं १९८३ चं काम: वाचन सुरू होण्यापूर्वीच शब्दांतले आवाज जुळवता-वेगळे करता न येणारी मुलं पुढे वाचनात मागे राहिली, आणि ध्वनी-अक्षर जोडीचा सराव दिलेली मुलं पुढे गेली. दुसरं, राम्यू यांचा २००३ चा अभ्यास. १६ डिस्लेक्सिक विद्यार्थ्यांना सगळ्याच सिद्धांतांच्या कसोट्या लावल्या. ध्वनींची अडचण १६ पैकी १६ जणांत, ऐकण्यातली १० जणांत, हालचालींची ४ जणांत आणि दृष्टीची फक्त २ जणांत.

विरोधातली बाजूही आहे. काही मुलांचे ध्वनी ठीक असतात, पण एका नजरेत जेमतेम दोन-तीन अक्षरं मावतात. फ्रान्समध्ये वाल्दुआ यांचा गट हे बरीच वर्षं दाखवतोय. आणि ध्वनींचा साठाच कच्चा आहे की साठा ठीक असून वेळेवर हाताशी येत नाही, हा वाद अजून चालू आहे.

न्यूरोनिवास
एका नजरेत मावणाऱ्या अक्षरांचा मुद्दा आला म्हणून. अलेक्सियात नेमकं तेच जातं. वाचन शिकलेल्या माणसात डाव्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, ऑक्सिपिटल आणि टेम्पोरल भागांच्या सीमेवर एक पट्टा अक्षरांच्या जुळण्या एकत्र ओळखायला तयार होतो. कोहेन आणि डेहान यांनी २००० मध्ये त्याला शब्दरूपाचं क्षेत्र म्हटलं. मागच्या मोठ्या धमनीच्या स्ट्रोकमध्ये हा पट्टा तरी जळतो, नाहीतर त्याच्याकडे येणाऱ्या तारा तरी तुटतात. मग शब्द एकगठ्ठा दिसत नाही, अक्षर-अक्षर उचलावं लागतं.

थेम्सकाठी
पण डिस्लेक्सिक मुलांच्या स्कॅनमध्येही तोच पट्टा मंद दिसतो ना? मग मॉर्गन यांचा तो 'जन्मतः कच्चा कोपरा' सरसकट चुकला असं कसं म्हणायचं?

न्यूरोनिवास
मंद दिसतो, हे खरं. पण तो पट्टा वाचून-वाचून तयार होतो. निरक्षर माणसात तो शब्दांना असा प्रतिसाद देतच नाही. मुलाला ध्वनी-अक्षराची जोडी जमली नाही, वाचन कमी झालं, पट्टा घडला नाही, असा क्रम असू शकतो. गृहस्थांचा पट्टा ५०-५५ वर्षं घडलेला होता आणि एका दिवसात गेला. एकाच जागी दिवा मंद दिसला म्हणून कारण एक ठरत नाही. आता घराण्यात डिस्लेक्सिया असलेल्या, वाचन न शिकलेल्या मुलांतही तिथे फरक सापडल्याचे अभ्यास आहेत, त्यामुळे मी यावर पैज लावणार नाही.

चष्मेवाला
इतक्या मोठमोठ्या गप्पांत कुणी पेरिमेट्री, म्हणजे नजर कुठपर्यंत पोचते ती तपासणी, विचारली नाही! डाव्या ऑक्सिपिटल स्ट्रोकमध्ये दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू जाते. रुग्ण म्हणतो 'उजव्या डोळ्याने दिसत नाही', आम्ही एकेक डोळा झाकून तपासतो तर दोन्हींत उजवी बाजू गेलेली. चष्मा तिसऱ्यांदा बदलून झालेला असतो.

फक्त ही बाजू गेली तरी वाचन रखडतं. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, डोळा पुढच्या शब्दाचा अंदाज उजव्या बाजूने घेत असतो. तो अंदाजच गेला. मराठीत आणखी एक त्रास म्हणजे सगळे प्रत्यय शब्दाच्या शेवटी. 'शाळेतल्यांनासुद्धा' मधलं 'शाळेत' दिसतं, बाकीचं अंधारात. माणूस 'शाळेत' वाचून पुढे जातो आणि वाक्य लागत नाही. तेव्हा हा अलेक्सिया आहे की नुसती दृष्टीची बाजू गेल्याचा मंदपणा, हे आधी वेगळं करा.

आणि घरचे हमखास करतात ती चूक: मोठ्या टायपातली पुस्तकं आणतात. अक्षर जितकं मोठं तितका शब्द अंधाऱ्या बाजूत सरकतो. मध्यम टाइप, ओळींत मोकळी जागा, ओळीच्या शेवटी उभी लाल रेघ. 'रेघ दिसेपर्यंत नजर ने' एवढंच सांगायचं.

उगाच_एक
उजवीकडून डावीकडे जाणारी उर्दू शिकवली तर? अर्धं गंमत, अर्धं खरंच विचारतोय.

चष्मेवाला
उर्दू वाचणाऱ्याला डावी बाजू गेली तर जास्त अडतं, तेवढा तुमचा तर्क बरोबर. पण ६१ व्या वर्षी नवी लिपी शिकवण्यापेक्षा नजर फिरवायला शिकवणं सोपं.

स्वरयंत्र
दोन्ही वेगळं करायची घरगुती रीत देते. यंत्र लागत नाही, मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे.

दोन, तीन, चार आणि पाच अक्षरी प्रत्येकी १० शब्द घ्या. जोडाक्षर नको, नेहमीचे शब्द: 'घर', 'बटाटा', 'उकडलेला' असे. एका कार्डावर एकच शब्द, सगळे एकाच टायपात. कार्डं पिसून घ्या, नाहीतर शब्द लांबत चाललेत हे रुग्णाला कळतं. कार्ड उलटल्यापासून पूर्ण शब्द तोंडातून येईपर्यंतची वेळ लिहा. २० सेकंदांत आला नाही तर पुढे जा. वाक्य देऊ नका, वाक्यात माणूस अंदाजाने वाचतो. वर्तमानपत्राचं नाव, बिस्किटाचा पुडा यांनी फसू नका, ते रंगाने ओळखतात. घरच्यांना खोलीबाहेर बसवा, नाहीतर आधी त्यांचेच ओठ हलतात.

मग डोळे मिटायला सांगून तोंडी जोडाक्षरविरहित शब्द सोडवा: "क ला काना, ग, द." लगेच 'कागद' म्हणाले तर ध्वनी आणि शब्दसाठा दोन्ही शाबूत. मग तळहातावर बोटाने अक्षर काढा. शेवटी अर्थहीन शब्द: 'टमेळ', 'लुपाग'. डिस्लेक्सिक मूल अशा शब्दांवर खास घसरतं, कारण तिथे पाठांतर उपयोगी पडत नाही. शुद्ध अलेक्सियात 'टमेळ' आणि 'बटाटा' साधारण सारखेच रखडतात.

श्रुतलेखन घ्याच. मुलाच्या चुका बऱ्याचदा कानाच्या असतात, 'खिडकी'चं 'किडकी', 'गंमत'चं 'गमत'. अलेक्सियात लेखन बरंच टिकतं.

उगाच_एक
ह्रस्व-दीर्घाच्या चुका धरायच्या नाहीत ना? नाहीतर निम्मा महाराष्ट्र भरती करावा लागेल.

पाटीवरची_अक्षरं
कुटुंबाच्या परवानगीने मोजून आले. सरासरी वेळा: दोन अक्षरी २.१ सेकंद, तीन अक्षरी ३.५, चार अक्षरी ४.९, पाच अक्षरी ६.३. तोंडी सोडवलेले दहाच्या दहा शब्द तत्काळ. 'बाई' विचारलं तर हसून 'आई' म्हणाले, 'स्वर', 'क्रम' सगळं बरोबर. श्रुतलेखन १० पैकी ९. अर्थहीन शब्द तितकेच मंद, पण बरोबर. सुटी अक्षरं ५० पैकी ४६. चार चुका अशा: 'घ'ला 'ध', 'ध'ला 'घ', 'भ'ला 'म', 'ष'ला 'प'. वाचताना उजवं बोट मांडीवर गिरवत होतं. पेरिमेट्रीत दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेलेली.

न्यूरोनिवास
छान मोजलंत. दर वाढीव अक्षराला १.४ सेकंद वाढतायत. सरावलेल्या वाचकात दोन आणि पाच अक्षरांत इतका थोडा फरक असतो की स्टॉपवॉचवर दिसणारही नाही. नुसती उजवी बाजू गेलेल्यांत लांबीचा परिणाम दिसतो, पण सेकंदाच्या लहान अंशात, असा नाही. तेव्हा दृष्टीची बाजू आणि अलेक्सिया, दोन्ही आहेत. चुका दिसायला सारख्या अक्षरांच्या आहेत, ऐकायला सारख्या नाहीत. 'त'ला 'थ' किंवा 'ग'ला 'क' एकदाही नाही. मांडीवरचं बोट म्हणजे मस्यू सींचीच युक्ती, न शिकवता सापडलेली.

जखम वरच्या बाजूला अँग्युलर गायरसपर्यंत गेली असती तर श्रुतलेखन कोसळलं असतं. आणि बोलण्याच्या पट्ट्यातला स्ट्रोक असता तर 'टमेळ' वाचता आलं नसतं. त्या रुग्णांना तुमचं ध्वनींचं साहित्य खरोखर कामी येतं. म्हणजे 'स्ट्रोकवाल्यांना कधीच देऊ नये' असा नियम करू नका.

पाटीवरची_अक्षरं
मग मूळ प्रश्नाचं उत्तर 'यांना नको', हे पटलं. त्याऐवजी घरच्यांच्या हातात काय देऊ? रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

स्वरयंत्र
४६ अक्षरं बरोबर आहेत, तेव्हा सुट्या अक्षरांवर फार दिवस घालवू नका. 'घ-ध', 'भ-म', 'ष-प', 'ब-व' या जोड्या तळहातावर गिरवून पक्क्या करा. बघायचं, गिरवायचं, नाव घ्यायचं. मांडीवर गिरवण्याला घरचे टोकत असतील तर त्यांना थांबवा.

मुख्य काम एकच उतारा पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचण्याचं. मॉयर यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. सुमारे १०० शब्दांचा, त्यांच्या आवडीचा उतारा घ्या, रोज दोनदा अर्धा-अर्धा तास तोच. पहिल्या दिवशी मिनिटाला किती शब्द ते लिहून ठेवा, ठरवलेला वेग गाठला की नवा उतारा. फसगत इथे होते: चौथ्या दिवशी उतारा पाठ झालेला असतो आणि सगळे खूश होतात. म्हणून आठवड्यातून एकदा न पाहिलेला उतारा द्या आणि प्रगती फक्त त्याच्यावर मोजा. तिथे आकडा हलला नाही तर पाठांतर झालंय, वाचन नाही.

थेम्सकाठी
उजव्या बाजूसाठी इथल्या, लंडनच्या यूसीएल विद्यापीठाने 'रीड-राइट' नावाचं मोफत साधन केलंय. एक ओळ उजवीकडून डावीकडे सरकत जाते आणि वाचणाऱ्याची नजर तिच्यामागे धावायला शिकते. मजकूर इंग्रजी आहे. मराठी ओळ कुठल्याही प्रेझेंटेशनच्या प्रोग्रॅममध्ये तशी सरकवता येईल. पण हे दृष्टीच्या बाजूवरचं औषध आहे, अक्षर-अक्षर वाचण्यावर त्याचा भरवसा धरू नका.

खडूफळा
जोडाक्षरांचं काय करायचं? 'महाबळेश्वर' मधलं 'श्व' हे एक अक्षर मोजायचं की दोन? आणि 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर. अक्षर-अक्षर वाचणारा माणूस आधी काय उचलतो?

संशयात्मा
हा प्रश्न आवडला, आणि याला सरळ उत्तर नाही. निरोगी हिंदी वाचकांतही ही आधी येणारी वेलांटी असलेले शब्द किंचित उशिरा वाचले जातात असं वैद आणि गुप्ता यांना आढळलं. अलेक्सियाच्या रुग्णात हा उशीर मोठा होऊन दिसायला हवा, असा माझा अंदाज, अंदाजच. प्रतिभा कारंथ यांनी १९८१ मध्ये कन्नड-इंग्रजी वाचणाऱ्या अशा एका रुग्णावर लिहिलं होतं, आपल्याकडच्या लिपीत या वाटेने जायचं तर सुरुवात तिथून करावी.

स्वरयंत्र
व्यवहारात मी दोन याद्या ठेवते. 'किती', 'दिवस', 'विहीर' एका यादीत, 'काका', 'दुकान', 'मोगरा' दुसरीत, अक्षरसंख्या जुळवून. जोडाक्षरांची तिसरी. वेळा एकत्र मिसळायच्या नाहीत, मग 'श्व' एक की दोन हे ठरवायचीही गरज पडत नाही. @पाटीवरची_अक्षरं, जमलं तर पुढच्या वेळी मोजून इथे टाका, सरांच्या प्रश्नाला निदान एका माणसापुरतं उत्तर मिळेल.

पाटीवरची_अक्षरं
टाकते. पहिला उतारा त्यांनीच निवडलाय, हापूसच्या कलमांवरचा लेख. मिनिटाला ११ शब्दांवरून सुरुवात. औषधाच्या पाकिटांवर घरच्यांनी रंगीत ठिपके लावलेत, नावं वाचायला लागू नयेत म्हणून.

न्यूरोनिवास
ठिपके उत्तम, पण रंगांची नावं एकदा विचारून बघा. याच भागातल्या इजेत रंग दिसतो आणि नाव येत नाही, असंही होतं. मग 'लाल ठिपक्याची गोळी घ्या' हे फोनवरून सांगणं धोक्याचं. एक, दोन, तीन असे आकडे लिहा. आकडे ते वाचतात का, हे आधी तपासा. बहुतेक वाचतील, सावकाश. आणि गाडी चालवतायत का, कुणी विचारलंय? उजवी बाजू दिसत नसताना स्कूटरसुद्धा नको.

पाटीवरची_अक्षरं
स्कूटरची चावी मुलाने काढून घेतलीय, त्यावरून घरात रोज भांडण आहे. रंगांचं उद्या विचारते.